‘कधी येणार?’ : परदेशातून पुण्याच्या कंपनीला तारखा कळवताना

२०२३ च्या फेब्रुवारीतल्या शेवटच्या रविवारी रात्री मावसबहिणीचा श्टुटगार्टहून फोन आला. आठ वर्षं ती तिथे होती, गाड्यांच्या सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करायची. पुण्याला कायमचं परत यायचं असं घरात ठरलं होतं आणि खराडीतल्या एका कंपनीबरोबर तिच्या मुलाखतीच्या दोन फेऱ्या झाल्या होत्या. दुसरी फेरी गुरुवारी, २३ तारखेला झाली होती.

“दादा, शेवटी एचआरनं विचारलं, नोटीस पिरियड किती? मी नव्वद दिवस म्हटलं. बरोबर ना?”

“करारात नेमकं काय लिहिलंय ते वाच.”

फायलीतले कागद उलटल्याचा आवाज आला. “तीन महिने, तिमाहीच्या अखेरीस.”

“मग ते नव्वद दिवस नाहीत. त्यांना आत्ताच कळवायला हवं.”

हे मला इतकं चटकन सुचलं, कारण या चुकीची किंमत मी स्वतः मोजली होती. २०१८ मध्ये मीही जर्मनीतूनच परतीची तयारी करत होतो आणि हिंजवडीच्या एका कंपनीला ‘नव्वद दिवस’ असंच सांगून बसलो होतो. ऑफर आली ४ ऑक्टोबरला. त्यांच्या हिशोबानं मी जानेवारीच्या सुरुवातीला हजर व्हायला हवं होतं. माझ्या करारात मात्र तिमाहीअखेरची अट होती. ३० सप्टेंबर चार दिवसांपूर्वीच उलटून गेली होती, त्यामुळे माझी सुटका थेट ३१ मार्चला होणार होती. मी हे कळवल्यावर त्यांनी आठवडाभर विचार केला आणि जागा दुसऱ्याला दिली. त्यांचा राग मला आजही येत नाही. त्यांच्या प्रोजेक्टला जानेवारीत माणूस हवा होता आणि मी सांगितलेली तारीख खोटी ठरली होती.

आता मी पुण्यात टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसतो. माझ्या टीमसाठी माणसं घेताना परदेशातून आलेली अशी बरीच पत्रं वाचतो. मुलाखतीनंतर पाठवलेल्या पत्रात तारखा नीट असतील, तर त्या माणसासाठी दोन-तीन महिने जागा राखून ठेवण्याची परवानगी मी वरून आणू शकतो. ‘लवकरात लवकर येईन’ एवढंच असेल, तर माझ्याकडे वर दाखवायला काहीच नसतं. म्हणून बहिणीबरोबर बसून ते पत्र कसं तयार केलं, ते इथे क्रमानं सांगतो. उदाहरण जर्मनीचं आहे. देश बदलला की नियम बदलतील, पण तारखा काढण्याची रीत हीच राहील.

आधी करार उघडा

पत्र लिहायच्या आधी नोकरीच्या करारातलं नोटिशीचं कलम शब्दशः वाचायचं. जर्मन कायद्यात कर्मचाऱ्याची किमान नोटीस चार आठवड्यांची आहे आणि ती महिन्याच्या पंधरा तारखेला किंवा अखेरीला संपते. पण जरा अनुभवी माणसाच्या करारात बहुतेकदा त्याहून मोठी मुदत असते. कुठे ‘तीन महिने, महिनाअखेर’, कुठे ‘तीन महिने, तिमाहीअखेर’. एकाच शब्दाचा फरक, पण तारखेत दोन महिन्यांपर्यंतचं अंतर पडतं.

तिमाहीअखेर म्हणजे वर्षात बाहेर पडायचे दरवाजे चारच : ३१ मार्च, ३० जून, ३० सप्टेंबर आणि ३१ डिसेंबर. प्रत्येक दरवाज्यासाठी राजीनामा आधीच्या तिमाहीच्या शेवटच्या दिवसापर्यंत कंपनीच्या हातात पडायला हवा. ३० जूनला मोकळं व्हायचं तर ३१ मार्चपर्यंत. १ एप्रिलला दिला, तर पुढचा दरवाजा ३० सप्टेंबर.

यात आणखी एक गोष्ट पुण्यातल्या माणसांना माहीत नसते आणि तिथे राहणारेही कधीकधी विसरतात. जर्मनीत राजीनामा ईमेलनं देता येत नाही. कागदावर, स्वतःच्या सहीनिशी दिलेलाच कायद्यानं ग्राह्य धरतात. स्कॅन करून पाठवलेलाही चालत नाही. म्हणजे ३१ मार्चला रात्री अकराला ऑफर आली, तर त्या रात्री मेल टाकून वेळ गाठता येत नाही. कागद घेऊन एचआरच्या टेबलापाशी जावं लागतं, आणि तिथे पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर सही-तारीख घ्यावी. ही पोच पुढे पुण्यात फार उपयोगी पडते, त्याबद्दल नंतर सांगतो.

अमेरिकेतून येणाऱ्यांचं गणित निराळं. तिथे दोन आठवड्यांची नोटीस देण्याची पद्धत आहे, त्यामुळे अडसर नोकरीचा नसतो, घराच्या भाडेकराराचा किंवा मुलांच्या शाळेचा असतो. संयुक्त अरब अमिरातीत कायद्यानं नोटीस तीस ते नव्वद दिवसांच्या दरम्यान असते, करारात नेमकी किती ते पाहावं लागतं. कुठूनही येत असाल तरी सगळ्यात न हलणारी तारीख कुठली, हे आधी शोधा. बाकी सगळं तिच्याभोवती बसवायचं.

ऑफरची तारीख उलटी मोजून काढणं

बहिणीसाठी न हलणारी तारीख होती ३१ मार्च, शुक्रवार. तिथून आम्ही मागे यायला लागलो.

राजीनामा अगदी शेवटच्या दिवशी नेण्यात धोका होता. एचआरची बाई रजेवर असली, तर कागद कोण घेणार? म्हणून मंगळवार-बुधवार, २८-२९ मार्च हे राजीनाम्याचे दिवस धरले. त्याआधी ऑफर लेटर वाचायला, एखादं कलम विचारायला, पगाराच्या आकड्यांची फोड समजून घ्यायला दोन-तीन दिवस तरी हवेत. म्हणून ऑफर हातात यायची तारीख ठरली शुक्रवार, २४ मार्च.

मग पुण्याचं कॅलेंडर त्यावर ठेवलं. ७ मार्चला धुळवड, २२ ला गुढीपाडवा, ३० ला रामनवमी. शिवाय मार्च म्हणजे आपल्याकडे आर्थिक वर्षाचा शेवट. नव्या जागेच्या मंजुरीवर सही करणारी माणसं त्या दिवसांत बजेटात बुडालेली असतात. म्हणजे दिसायला पूर्ण महिना हातात असला, तरी कंपनीकडे खरे कामाचे दिवस मोजकेच होते. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात बसून हे पाहिलं म्हणूनच पत्र गुरुवारी, २ मार्चला गेलं. ‘आठवडाभर त्यांच्या उत्तराची वाट पाहू’ असं म्हटलं असतं, तर धुळवड उलटून गेली असती.

राजीनामा आधी देऊन मोकळं होऊ, हा विचार तिच्याही मनात आला. मी ठामपणे नको म्हटलं. लेखी ऑफर हातात नसताना तिथली नोकरी सोडली की राहण्याचा परवाना, आरोग्यविमा आणि घर, सगळंच लटकतं. दोन फेऱ्या चांगल्या गेल्या म्हणजे नोकरी मिळाली असं होत नाही.

शेवटचा दिवस कुठला?

आपल्याकडे एचआर विचारतं, ‘लास्ट वर्किंग डे कधी?’ जर्मनीतून सुटताना या प्रश्नाची दोन उत्तरं असतात आणि ती वेगळी सांगितली नाहीत तर घोळ होतो.

बहिणीची पंधरा दिवसांची रजा शिल्लक राहणार होती. ती नोटिशीच्या शेवटी लावली, तर १२ जून ते ३० जून हे पंधरा कामाचे दिवस रजेत जातात. ऑफिसातला शेवटचा दिवस मग शुक्रवार, ९ जून. पण करार ३० जूनपर्यंत चालूच असतो. पगार तिथूनच येतो आणि त्या काळात दुसऱ्या कंपनीचं काम सुरू करता येत नाही. पुण्याच्या कंपनीला फक्त ‘९ जून’ सांगितलं, तर ते १२ जूनला जॉइनिंग लावतील. म्हणून पत्रात करार संपण्याची तारीख द्यायची, ऑफिसातला शेवटचा दिवस द्यायचा नाही. ती मोकळीक आपल्या सामानासाठी ठेवायची.

नोटीस कमी करून घेण्याबद्दलही एचआर हमखास विचारतं. भारतात उरलेल्या दिवसांचे पैसे भरून लवकर सुटण्याची सोय बऱ्याच करारांत असते, त्याला सगळे ‘बायआउट’ म्हणतात. जर्मनीत असा हक्क नसतो. दोन्ही बाजू राजी असतील तर आपसात करार करून लवकर सुटता येतं, पण ते पूर्णपणे मालकाच्या मर्जीवर. त्यामुळे पत्रात ‘प्रयत्न करेन’ इतकंच लिहावं आणि दिलेल्या तारखा त्या प्रयत्नावर बेतू नयेत.

पुण्यात उतरल्यावरचे दोन आठवडे

करार ३० जूनला संपतो, विमान २ जुलैला, ३ ला पुणे. मग ४ तारखेला रुजू का होऊ नये? असं लिहिण्याचा मोह फार असतो, कारण लवकरची तारीख दिली की आपली बाजू भक्कम होते असं वाटतं. मी तिला १७ जुलै लिहायला लावलं. त्याची कारणं अगदी साधी आहेत.

तिच्या आधारला जोडलेला मोबाइल नंबर आठ वर्षांपूर्वीचा होता आणि तो केव्हाच बंद झाला होता. आधारला नवा नंबर जोडायचा तर नोंद व्हायला काही दिवस लागतात. तोवर कुठलाही ओटीपी येत नाही. आणि पीएफचा जुना खाते क्रमांक जागा करण्यापासून पगाराचं खातं उघडण्यापर्यंत बरंचसं त्या ओटीपीवर अडतं. जॉइनिंगच्या दिवशी लॅपटॉप मिळतो, पण या गोष्टी अपुऱ्या असतील तर पहिला पगार रखडू शकतो. बँकेतलं अनिवासी खातंही परत आल्यावर निवासी करून घ्यायचं असतं. आईवडील कोथरूडला, ऑफिस खराडीला. रोज शहर आडवं कापून जायचं की जवळ भाड्यानं घर बघायचं, हेही ठरायचं होतं, आणि जुलैच्या पावसात घरं बघत फिरणं सोपं नसतं.

या सगळ्याला दोन आठवडे पुरतात. महिना मागितला तर समोरच्याला तो सुट्टीसारखा वाटतो. दोन आठवडे कुणालाही पटतात.

जहाजानं येणाऱ्या सामानाची तारीख मात्र रुजू होण्याला कधीच बांधू नका. हॅम्बुर्गहून न्हावा शेवाला कंटेनर कधी लागेल, यावर आपला काहीच ताबा नसतो. सामान सोडवायला एखादा दिवस जावं लागेल, तेव्हा एक रजा टाकायची. पत्रात त्याचा उल्लेखही नको.

पत्र

प्रत्यक्षात हे पत्र इंग्रजीत गेलं, पुण्यातल्या बहुतेक कंपन्यांशी असा व्यवहार इंग्रजीतच होतो. इथे मजकूर मराठीत देतो, म्हणजे काय लिहिलं आणि काय गाळलं ते स्पष्ट दिसेल.

> विषय : दुसऱ्या फेरीनंतर – नोटिशीबद्दल दुरुस्ती आणि रुजू होण्याच्या तारखा
>
> नमस्कार मॅडम,
>
> २३ फेब्रुवारीच्या फेरीत वेळ दिल्याबद्दल आपले आणि टीमचे आभार. त्या वेळी मी नोटीस पिरियड नव्वद दिवसांचा आहे असं सांगितलं होतं. करार पुन्हा वाचला तेव्हा ते अचूक नव्हतं असं लक्षात आलं, म्हणून लगेच कळवते आहे.
>
> माझी नोटीस तीन महिन्यांची आहे आणि ती तिमाहीच्या अखेरीलाच संपते. राजीनामा ३१ मार्चपर्यंत दिला, तर करार ३० जूनला संपतो. ३१ मार्चनंतर दिला, तर ३० सप्टेंबरला.
>
> त्यामुळे आपलं ऑफर लेटर २४ मार्चपर्यंत मिळालं, तर मी सोमवार, १७ जुलैला खराडी ऑफिसात रुजू होऊ शकते. ३१ मार्चची मुदत चुकली, तर सोमवार, १६ ऑक्टोबरला. नोटीस कमी करून मिळावी अशी विनंती मी करेन, पण वरच्या तारखा त्यावर अवलंबून नाहीत.
>
> ११ ते १९ मार्च मी पुण्यात आहे. प्रत्यक्ष भेट हवी असल्यास १३ ते १७ मार्चमध्ये कुठल्याही दिवशी ऑफिसला येऊ शकते. एरवी व्हिडिओ कॉलसाठी पुण्याच्या वेळेनुसार दुपारी १२ ते १:३० किंवा रात्री ९ नंतर मी उपलब्ध आहे.
>
> मी पुण्याला कायमची परत येते आहे. माझा पासपोर्ट भारतीय आहे. पती आणि मुलगा जुलैअखेर येतील, त्याचा माझ्या तारखेवर परिणाम होणार नाही.
>
> कराराचं नोटिशीचं पान, इंग्रजी भाषांतरासह, हवं असल्यास पाठवते.

पत्र इतकंच. आता यातल्या ज्या जागी आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला, त्या सांगतो.

पहिला परिच्छेद लिहायला ती तयार नव्हती. “आपणच आपली चूक कशाला दाखवायची?” असं तिचं म्हणणं. पण मुलाखतीच्या नोंदीत ‘९० दिवस’ लिहून ठेवलेलंच असतं. नव्या पत्रात वेगळी तारीख आली आणि कारण दिलं नाही, तर वाचणाऱ्याला वाटतं की दुसरी ऑफर हातात आहे आणि ही वेळ काढते आहे. जुनं वाक्य स्वतःहून उचलून दुरुस्त केलं की ही शंका उरत नाही.

दोन तारखा देण्यावरही आम्ही बोललो. एकच तारीख दिली असती तर पत्र सुटसुटीत झालं असतं. पण आपण काय केलं की काय होईल, हे कंपनीला कळायलाच हवं होतं. २४ मार्च आणि ३१ मार्च या तारखांमागचं कारण करारात आहे, त्यामुळे ती धमकी वाटत नाही. ‘कृपया लवकर निर्णय घ्यावा’ या वाक्यानं जे होत नाही, ते ‘नाहीतर १६ ऑक्टोबर’ या वाक्यानं होतं. एचआर ते वाक्य उचलून तसंच मॅनेजरला पाठवू शकतं, आणि मॅनेजर त्याच्या जोरावर मंजुरी लवकर मागू शकतो. मी स्वतः असं केलेलं आहे.

घरच्यांबद्दलचं वाक्य छोटं आहे, पण ते गाळू नये. मुलाची तिथली शाळा जुलैच्या शेवटी संपत होती, म्हणून नवरा आणि मुलगा मागे राहणार होते. परत येणाऱ्या माणसाबद्दल पुण्यातल्या मॅनेजरच्या मनात एक भीती कायम असते : घरच्यांचं मन बदललं तर हा येणारच नाही. त्या भीतीला एका वाक्यात उत्तर द्यावं आणि थांबावं. आईची तब्येत, मुलाची मराठी, तिथला एकटेपणा, हे सगळं खरं असतं, पण त्यानं तारखेवर विश्वास वाढत नाही.

पासपोर्टचं वाक्य आठ-दहा वर्षं बाहेर राहिलेल्यांनी आवर्जून घालावं. तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल आणि ओसीआय कार्ड असेल, तर तसं स्पष्ट लिहावं. नाहीतर हा प्रश्न ऑफर तयार होताना उगवतो आणि चार दिवस खातो.

वेळांबद्दल एक सावधगिरी. हिवाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते, उन्हाळ्यात साडेतीन. त्यांची घड्याळं मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे जातात, त्या वर्षी २६ मार्चला. पत्रातला दुपारी १२ ते १:३० हा वेळ म्हणजे तिथे सकाळी साडेसात ते नऊ, तिचं काम सुरू व्हायच्या आधीचा. २६ नंतर तोच वेळ ठेवायचा तर पुण्यात तो ११ ते १२:३० होतो. तारीख पुढे ढकलली गेली तर ही दुरुस्ती स्वतःहून कळवावी लागते. नेमका शेवटचा, पगाराबद्दलचा कॉल या एका तासानं हुकलेला मी पाहिला आहे.

पत्र पुण्याच्या सकाळी साडेदहाला पोचेल असं लावून ठेवलं. ती त्या वेळी झोपलेलीच असणार होती, तिथे सहा वाजलेले.

उत्तर आल्यावर

सोमवारी, ६ मार्चला उत्तर आलं. प्रत्यक्ष भेट १५ ला ठरली. सोबत एक प्रश्न होता, जो हल्ली हमखास येतो : “तोपर्यंत तिकडूनच सुरू करता येईल का?”

या प्रश्नाला हो म्हणण्याची घाई करू नका. जुना करार चालू असताना दुसऱ्या कंपनीचं काम करणं हा करारभंग ठरू शकतो. आणि करार संपल्यावरही जर्मनीत बसून भारतीय कंपनीचं काम केलं, तर तिथला कर, सामाजिक विमा आणि राहण्याचा परवाना हे तिन्ही प्रश्न उभे राहतात, तिच्यापुढेही आणि कंपनीपुढेही. तिनं लिहिलं, “जर्मनीत असेपर्यंत मी काम सुरू करू शकत नाही. वाचण्यासारखं सार्वजनिक साहित्य असेल तर पाठवा, मी तयारी करून येईन. ३ जुलैपासून मी पुण्यात आहे. कागदपत्रांसाठी त्या दोन आठवड्यांत ऑफिसला येऊ शकते.” नकार दिला, पण त्यासोबत काय करता येईल तेही सांगितलं.

प्रत्यक्ष भेट चांगली झाली. पाडव्यामुळे मंजुरी रेंगाळली आणि २४ मार्च उलटला. हा खरा कसोटीचा क्षण असतो. तिनं शुक्रवारी संध्याकाळी त्याच मेलच्या साखळीत दोनच ओळी टाकल्या : “ऑफर लेटर सोमवारी, २७ ला मिळालं तरी मी बुधवारी, २९ ला राजीनामा देऊ शकते आणि १७ जुलै कायम राहते. ३१ नंतर मात्र १६ ऑक्टोबर.” मध्ये जे चार-पाच दिवस राखून ठेवले होते, ते अशा वेळेसाठीच. पत्रातली २४ तारीख खरोखरची शेवटची असती, तर इथे तिच्याकडे बोलायला काहीच उरलं नसतं.

सोमवारी दुपारी ऑफर आली. उघडून पाहिली तर त्यात रुजू होण्याची तारीख ३ जुलै. पत्रातली १७ जुलै कुणीतरी न पाहता करार संपल्यानंतरचा पहिला सोमवार भरला होता. असं पुष्कळदा होतं, कारण ऑफर लेटर तयार करणारा माणूस आणि पत्र वाचणारा माणूस वेगळे असतात. तिनं स्वीकारायच्या आधी २ मार्चच्या पत्राचा संदर्भ देऊन दुरुस्त प्रत मागवली. ती मंगळवारी आली, आणि बुधवारी राजीनामा गेला. ‘नंतर तोंडी सांगू’ असं करू नका. सही केलेल्या कागदावरची तारीख हीच खरी धरली जाते.

मधले साडेतीन महिने

इथून पुढे पुण्याच्या कंपनीची काळजी वेगळी असते. ऑफर स्वीकारायची आणि ऐनवेळी दुसरीकडे जायचं, हे आपल्याकडे इतकं झालेलं आहे की लांब नोटिशीचा माणूस येईपर्यंत एचआर धास्तावलेलं असतं. एक साधा पुरावा ते मागतं : राजीनामा स्वीकारल्याचा मेल. जर्मनीत असा मेल येतोच असं नाही, कारण तिथे राजीनामा कंपनीनं स्वीकारावा लागत नाही, तो पोचला की पुरे. इथे ती सही घेतलेली दुसरी प्रत कामी येते. बहिणीनं त्याच दिवशी तिचा स्कॅन आणि दोन ओळींचं इंग्रजी स्पष्टीकरण पाठवलं, त्यामुळे पुढचे सगळे प्रश्न टळले.

दुसरी अडचण रिलीव्हिंग लेटरची. जर्मन कंपन्या आपल्यासारखं रिलीव्हिंग लेटर देत नाहीत. त्यांच्याकडे कामाचं प्रशस्तिपत्र मिळतं, आर्बाइट्सत्सोयग्निस म्हणतात त्याला. ते कर्मचाऱ्याचा हक्क आहे, पण जर्मनमध्ये असतं आणि नोकरी संपल्यावर कधीकधी काही आठवड्यांनी हातात येतं. पुण्यातली पार्श्वभूमी तपासणारी संस्था ते रुजू होण्याच्या दिवशी मागू शकते. म्हणून एप्रिलमध्येच तिनं दोन गोष्टी केल्या. जर्मन कंपनीकडून अंतरिम प्रशस्तिपत्र आणि नोकरी कधीपासून कधीपर्यंत एवढंच सांगणारं एक पानी इंग्रजी पत्र मागून घेतलं. आणि पुण्याच्या एचआरला कळवलं की अंतिम प्रशस्तिपत्र जुलै-ऑगस्टमध्ये येईल, तोवर ही दोन कागदपत्रं चालतील का. आधी विचारलं म्हणून ‘चालतील’ असं लेखी उत्तर मिळालं. रुजू व्हायच्या आदल्या दिवशी विचारलं असतं, तर तेच उत्तर मिळवायला आठवडा गेला असता.

मधल्या काळात महिन्याला एक छोटा मेल पुरे. मेमध्ये तिनं विमानाचं तिकीट काढल्याचं कळवलं, जूनमध्ये करार ठरल्याप्रमाणे ३० ला संपतो आहे असं. काही बदललं, तर जुनी तारीख, नवी तारीख आणि कारण एकाच वाक्यात लिहावं, म्हणजे वाचणाऱ्याला मागचे मेल शोधावे लागत नाहीत. तिला हे करावं लागलं नाही. माझ्या टीममध्ये आलेल्या एकाला करावं लागलं होतं. त्यानं तारीख हलणार हे तीन आठवडे आधी सांगितलं, त्यामुळे त्याची जागा शाबूत राहिली.

शेवटचं पत्र तिनं १० जुलैला कोथरूडहून पाठवलं. पुण्यात पोचले, आधारला नवा नंबर जोडला गेला, १७ ला कुठल्या गेटनं किती वाजता यायचं, मूळ कागदपत्रं कुठली आणायची. उत्तरात यादी आली. त्यात जुन्या पीएफ खात्याचा क्रमांक होता, आणि तो शोधायला तिच्याकडे अजून पूर्ण आठवडा होता.